अनुभव सांगा: वरच्या मजल्यावरच्या छोट्या फ्लॅटसाठी सेमी-ऑटोमॅटिक की फुल्ली ऑटोमॅटिक?

धागाकर्ती, सिंहगड रस्ता, पुणे
आमचा वन बीएचके तिसऱ्या मजल्यावर आहे आणि वर थेट गच्ची. घरात आम्ही दोघं आणि दोन वर्षांची लेक, म्हणजे धुणं रोजचंच. मशीन ड्राय बाल्कनीत बसेल. नवऱ्याला फुल्ली हवं आहे, कारण सकाळी आम्ही दोघंही घाईत असतो. सासूबाई म्हणतात, सेमीच घ्या, पाणी वाचतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात. ज्यांनी दोन्ही वापरलीत त्यांनी सविस्तर लिहा.

कोथरूडच्या काकू
सासूबाई बरोबर बोलतायत. सेमीत साबणाचं पाणी एकदाच करायचं. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. फुल्लीत दर वेळी सगळं पाणी गटारात. माझं सेमी अजून उत्तम चालतंय. पाण्याचा प्रश्न असेल तर दुसरा विचारच करू नका.

दुरुस्तीवाला, पिंपरी
काकू, धुण्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पाणी जातं ते विसळताना. पुष्कळ घरांत नळ चालू ठेवून धुण्याच्या टबातच कपडे विसळतात आणि फेस जाईपर्यंत पाणी वाहतं. मग फुल्लीपेक्षा जास्त खर्च होतं. कपडे साबणाच्या पाण्यातून काढले की आधी ड्रायरमध्ये एक-दोन मिनिटं फिरवा. साबण तिथंच निघून जातो. नंतर टब भरून नळ बंद करा आणि दोनदा विसळा, पुरतं.

ताई, तुमचा खरा प्रश्न टाकीचा आहे. फुल्लीच्या व्हॉल्व्हला उघडायला पाण्याचा दाब लागतो. बऱ्याच मशिनांच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार लिहिलेलं असतं, म्हणजे नळाच्या वर साधारण ३ मीटर पाणी. आता हिशेब करा. मशीनचा नळ जमिनीपासून १ मीटरवर, छत ३ मीटरवर, त्यावर टाकीचा अर्ध्या मीटरचा ओटा. टाकीचा तळ नळापासून जेमतेम अडीच मीटर वर आला. टाकी भरलेली असेल तर वरचं मीटरभर पाणी धरून साडेतीन होतात आणि मशीन चालतं. दुपारी टाकी तळाशी गेली की तेच मशीन पाणी घेता घेता थांबतं आणि पाणी येत नसल्याचा एरर दाखवतं. लोक मशीन बिघडलं म्हणून फोन करतात. सकाळी चालतं, दुपारी अडतं, असं असेल तर बिघाड मशीनमध्ये शोधू नका. तुमच्या खालच्या मजल्याला ३ मीटर जास्त मिळतात, त्यामुळे शेजारणीचं चालतं म्हणून तुमचं चालेल असं नाही.

मडगावची
आमच्याकडे पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून मी ड्रायरसाठी सेमीच ठेवलंय. आईकडच्या टॉप लोडमधून कपडे जास्त ओले निघतात. जीन्स तर दोन दिवस कुबट वास मारते. फक्त ड्रायरच्या टबात कपडे नीट दाबून, सगळीकडे सारखे बसवा आणि वर ती प्लास्टिकची चकती ठेवा, नाहीतर मशीन नाचत दारापर्यंत येतं. पुण्यात पावसाचा एवढा त्रास नसेल म्हणा.

वाकडचा बाबा
आम्ही पण शेवटच्या मजल्यावर. फुल्ली घेतलं आणि प्रेशर पंप बसवला. मशीन छान चालतं, पंपाचा आवाज मात्र रात्री खालच्यांना जातो. टँकरचं पाणी सुरू झालं की इनलेट पाइपच्या तोंडाशी असलेल्या जाळीत गाळ बसतो. नळ बंद करून पाइप सोडवायचा, पकडीने जाळी ओढून जुन्या टूथब्रशने घासायची. तरीही मी सेमीकडे परत जाणार नाही. बाळ कडेवर असताना ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकणं बायकोच्या कमरेला झेपत नव्हतं. पाण्याचा हिशेब सगळे करतात, हा कोणी करत नाही.

धागाकर्ती
गच्चीवर जाऊन टेपने मोजलं. आमच्या टाकीचा ओटा एक फूटच आहे. म्हणजे अडीच मीटरसुद्धा नाहीत. दादा, फ्रंट लोडला तरी कमी दाब चालतो का?

दुरुस्तीवाला, पिंपरी
फ्रंट लोडला पाणी कमी लागतं, पण व्हॉल्व्ह तसाच असतो. काही मॉडेल कमी दाबावर चालतात. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, पुस्तिकेतला किमान दाबाचा आकडा स्वतः बघा. आणि फ्रंट लोडचा ड्रेन पाइप जमिनीवर सोडू नका. पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवला नाही, तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं.

कोथरूडच्या काकू
आधी ड्रायर आणि मग विसळणं, आज करून पाहिलं. दुसऱ्या पाण्याला फेस जवळजवळ नव्हता. पायपुसण्यांना मात्र मी तीनच पाणी देणार.

धागाकर्ती
सोसायटीकडे ओटा वाढवायचा अर्ज देतेय. मंजूर झाला नाही तर पंप की सेमी, यावर घरात अजून एकमत नाही. पंपाचा आवाज कमी करायला कोणी रबराचे पॅड लावलेत का?