मदत हवी: पाऊच मशीनची चेंजओव्हर चेकलिस्ट मराठीत करायची आहे

अंबड_क्यूए: आमची चेकलिस्ट इंग्रजीत आहे, ती ऑपरेटरांसाठी मराठीत हवी. सोमवारी ऑडिट आहे. भाषांतर मी केलंय, पण तिसऱ्या ओळीवरून दोन्ही शिफ्टचे लोक भांडतायत. कोणाकडे तयार असेल तर टाका. 'लाइन क्लिअरन्स' आणि 'सीलिंग पॅरामीटर'ला मराठीत काय म्हणायचं?

जॉवाला: कुठलं मशीन? कपाचं, ट्रेचं की उभं पाऊचचं? माल काय आणि कशावरून कशावर जाताय? आणि ती तिसरी ओळ इथे लिहा की.

गोदाकाठ: लाइन क्लिअरन्स म्हणजे 'उत्पादनरेषा मोकळी करणे'. सीलिंग पॅरामीटर म्हणजे 'मुद्रांकन मापदंड'. परिभाषा वापरायचीच नाही, तर मराठी करता कशाला?

अंबड_क्यूए: उभं पाऊच मशीन, अजून कोणतं असणार? शेंगदाण्याचा चिवडा झाला की बिनशेंगदाण्याचा डाएट चिवडा, दोन्ही 200 ग्रॅम. ओळ अशी आहे: 'लाइनवर जुना रील शिल्लक नाही: हो / नाही'. इंग्रजीत यावर कधीच वाद झाला नव्हता.

जॉवाला: ताई, वाद होणारच. एकाने 'नाही'वर खूण केली, म्हणजे त्याच्या मते रील शिल्लक नाही. दुसरा वाचतो की विधान खोटं, म्हणजे रील आहे. दोघेही बरोबर. इंग्रजीत वाद झाला नाही, कारण कोणी वाचलीच नसेल. असली नकारी ओळ मोडा आणि केलेलं काम लिहा: 'शेंगदाणा चिवड्याचा रील उतरवून स्टोअरला दिला. वेळ, सही.' मग हो-नाहीचा रकानाच लागत नाही.

तुमच्याकडे ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. दोन्ही पाऊचची रुंदी एकच, त्यामुळे कॉलर बदलत नाही. आय मार्कचं अंतरही एकच असेल, तर चुकीचा रील मशीन मुकाट ओढतं. सेन्सरला काळी खूण दिसते, शेंगदाणा नाही. उलटं जाताना डाएटचा रील राहिला आणि शेंगदाणा असलेला माल त्यात गेला, तर लेबलवरची ॲलर्जीची सूचनाच चुकीची. म्हणून पहिलं पाऊच कापून त्यावरचं नाव, बॅच, तारीख आणि एमआरपी ऑर्डरच्या कागदाशी जुळवा, आणि तेच पाऊच चेकलिस्टला स्टेपल करा.

पापडताई: माझं हातमशीन आहे, एका बाजूचं सील सुटतं. टेंपरेचर वाढवलं तर प्लॅस्टिक जळतं. काय करू?

सिन्नर_शिफ्ट: @पापडताई पट्टीवरचं टेफ्लॉन कापड बदला.
@अंबड_क्यूए आमच्याकडे सगळे फोटो लावले, भाषांतराची भानगडच नाही. अर्धे ऑपरेटर बिहारचे आहेत, मराठी कोण वाचणार?

जॉवाला: फोटोत रील दिसतो, पण किती वेळ थांबायचं ते दिसत नाही. समजा, जुन्या फिल्मला सील करणारा आडवा जॉ 150 अंशांवर होता आणि नवीला 135 हवा. 'सीलिंग पॅरामीटर सेट करा' वाचून ऑपरेटर SV, म्हणजे हवं असलेलं टेंपरेचर, 135 करतो आणि लगेच मशीन चालू करतो. PV, म्हणजे जॉचं खरं टेंपरेचर, अजून 148 असतो. जॉला थंड करणारं काही नसतं, तो सावकाश उतरतो. तोवर फिल्म जॉला चिकटते, सील पातळ होतं आणि पाऊच कडेला फाटतं. म्हणून ओळ अशी करा: 'आधी SV 135 करा. मग हॉपर आणि ट्यूब साफ करा. PV 135 वर टिकला की मशीन चालू करा.' SV, PV भाषांतरित करू नका, पडद्यावर तेच दिसतं. आणि इमर्जन्सी दाबलं तरी जॉ गरमच असतो, हे वेगळ्या ओळीत, ठळक.

गोदाकाठ: म्हणजे तुमच्या मते मराठी नकोच!

जॉवाला: 'उतरवा, पुसा, थांबा, जुळवा' हे मराठीच आहे, साहेब. जॉला जबडा म्हटलं, तर ऑपरेटर मलाच विचारेल की कुणाचा.

सिन्नर_शिफ्ट: 135 आमच्या फिल्मला चालत नाही, 145 लागतं.

जॉवाला: फिल्म वेगळी, स्पीड वेगळा, आकडाही वेगळा. म्हणून आकड्याची जागा रिकामी ठेवा, प्रत्येक मालाचा आकडा सेटिंग चार्टवरून भरायचा. सील झालेली पाऊच पाण्यात बुडवून व्हॅक्यूम लावा. बुडबुडे आले तर एकतर आकडा चुकलाय किंवा सीलमध्ये चिवड्याचा चुरा अडकलाय. टेंपरेचर वाढवण्याआधी चुरा बघा.

अंबड_क्यूए: तिसरी ओळ बदलते. पण सही कोणाची घ्यायची? ऑपरेटर म्हणतो क्यूएची, आमचे मॅनेजर म्हणतात ऑपरेटरची.

सिन्नर_शिफ्ट: दोघांची.

जॉवाला: दोघांची घेतली की दोघंही दुसऱ्याच्या भरवशावर न बघता सही करतात. रील उतरवणाऱ्याची एक, आणि पहिलं पाऊच बघणाऱ्याची वेगळी, वेगळ्या ओळीत.

पापडताई: टेफ्लॉन कापड नाशिकमध्ये कुठे मिळतं?