मदत हवी आहे: बाजूच्या फोटोवरून मुऱ्हा म्हशीची कास आणि पाय कसे पारखायचे?

वारणाकाठ: हरियाणातून दुसऱ्या वेताची मुऱ्हा घ्यायची आहे. व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर बाजूने काढलेला एक फोटो पाठवलाय. दोन वेळचं मिळून १४ लिटर सांगतो. कास मोठी आहे, पण तळ मागच्या गुडघ्याच्या थोडा खाली दिसतो. मागचे पाय सरळसोट वाटतात. खूर वैरणीत बुडालेत. तिकडे जाण्याआधी एवढ्यावरून काही ठरवता येईल का?

सडपातळ: पोटाखालची दुधाची शीर बघा. जाड, नागमोडी असेल तर दूध हमखास.

गोठा_सांगली: शीर ठळक असणं चांगलंच, पण त्यावरून लिटर ठरत नाहीत. म्हशीची कातडी जाड, काळ्या अंगावर फोटोत ती नीट दिसतही नाही. मी आधी पुढची कास बघतो. ती पोटाला सलग चिकटलेली हवी. पोट आणि कास यांच्यात खाच पडली असेल, तर पुढच्या वेतात ती आणखी लोंबण्याची शक्यता असते. दुसऱ्याच वेतात तळ गुडघ्याखाली गेला असेल, तर मी तरी थांबेन. पण आधी विचारा, फोटो धारेआधी किती तासांचा आहे? धार चुकवून फुगवलेली कासही खाली येते.

त्याच जागी, त्याच अंतरावरून, धार काढल्यावर लगेच दुसरा फोटो मागवा. दुधाची कास पिळल्यावर मऊ पडते, मागे सुरकुत्या येतात. मांसल कास होती तशीच राहते. लिटरचा आकडा मात्र सलग दोन-तीन धारा समोर काढूनच कळेल.

एचएफवाला: माझ्या गाईचे मागचे पाय कोयत्यासारखे वाकलेत. कोब्यावर उभी राहून खुरांच्या टाचा झिजल्या. तिला रबरी मॅट टाकू का?

गोठा_सांगली: मॅट टाका आणि खूर साळून घ्या, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. वारणाकाठ, तुमचा प्रश्न उलटा आहे. फोटोवर फूटपट्टी ठेवा. ढुंगणाच्या हाडापासून सरळ खाली रेष आली, की ती गुडघ्याच्या मागच्या कडेला घासून खुराच्या मागे उतरायला हवी. गुडघ्यात बाकच नसेल तर चालताना हिसका थेट सांध्याला बसतो. मात्र म्हैस एक पाय मागे टाकून उभी असेल, तर मागचा पाय सरळ भासतो. चालतानाचा व्हिडिओ घ्या.

मळ्यातली_पारडी: फोटो कुठून काढलाय तेही बघा. मोबाईल अगदी जवळ धरला की जवळचा भाग फुगतो, वरून काढला की पाय आखूड दिसतात. चार-पाच मीटर लांबून, पोटाच्या उंचीवरून काढायला सांगा. पुढचे पाय उंचवट्यावर असतील तर पाठीचा उतारही खोटा दिसतो.

वारणाकाठ: फोटो धारेआधीचा आहे, तास सांगत नाही. पिळल्यानंतरचा मागितला तर "सगळ्या फोटोवर घेतात" म्हणाला. पुढची कास सलग वाटतेय, खाच नाही. पण मागची बाजू आणि पलीकडचे दोन सड दिसतच नाहीत.

सडपातळ: मुऱ्ह्याची कास मोठीच असते, गुडघ्याचा नियम गाईचा. मी घेतली असती.

गोठा_सांगली: दोघांनाही लागू आहे, यावर आपलं जमणार नाही. पण पिळल्यावरचा फोटो आणि चारी सडांची धार बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

वारणाकाठ: वैरण बाजूला सारून खुरांचा व्हिडिओ उद्या पाठवतो म्हणालाय. आला की इथे टाकतो.