मदत हवी आहे : शवासनात पोटाने श्वास, बैठकीत मात्र छातीने, साधिकेची खरी सवय कोणती समजावी?

सुखासन (धागाकर्ती)

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगर भागात सकाळी पावणेसहाला महिलांचा योगवर्ग घेते. वर्गात सध्या २२ जणी आहेत. नव्या साधिकेला मी पहिल्या आठवड्यात शवासनात झोपवून एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायला सांगते. ज्या हाताची हालचाल जास्त, तिथला श्वास, अशी नोंद वहीत करते. आजवर या पद्धतीबद्दल मला शंका नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी आलेल्या एका साधिकेने मात्र मला कोड्यात टाकले आहे. त्यांचे वय ५२ असून त्यांना दमा किंवा रक्तदाबाचा त्रास नाही. शवासनात त्यांचा पोटावरचा हात इतका छान वरखाली होतो की मी इतरांना त्यांचे उदाहरण देत असे. पण त्याच बाई पद्मासनात बसून दीर्घश्वसन करू लागल्या की श्वास घेताना खांदे कानांकडे जातात, मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे दिसू लागतात आणि पोट फुगण्याऐवजी आत जाते. आठ-दहा आवर्तनांनंतर चक्कर आल्यासारखे होते आणि बोटांना मुंग्या येतात, असे त्या म्हणतात. वर्ग संपल्यावर मान दुखते ती वेगळीच.

आता माझ्या वहीत त्या ‘पोटाने श्वास घेणाऱ्या’ आहेत आणि डोळ्यांना ‘छातीने श्वास घेणाऱ्या’ दिसतात. यांतले खरे काय, आणि शिक्षिकेने ते ओळखायचे कसे?

पंचवटीकर

माझ्या मते यात कोडे काहीच नाही. पोट हलले म्हणजे श्वासपटल चालले आणि छाती हलली म्हणजे ते चालले नाही, हा साधा नियम आहे. बैठकीत त्यांची छाती हलते, याचा अर्थ तिथे त्यांचे श्वासपटल बंद असते. त्यांना बसूनही पोट मुद्दाम पुढे ढकलायला सांगा, महिनाभरात सवय लागेल. मी स्वतः असेच शिकलो.

अंबडचा_साधक

माझाही प्रश्न इथेच विचारतो. मी रोज ३०० कपालभाती करतो आणि त्यात माझे पोट उत्तम हलते. म्हणजे माझा श्वास पोटाचाच आहे, असे धरून चालू ना? कारखान्यात रात्रपाळी असली की जिना चढताना धाप मात्र लागते.

निवृत्त_फिजिओ

मी ३१ वर्षे फिजिओथेरपी केली आणि आता नाशिकरोडला निवृत्त जीवन जगतो. सुखासनताई, आपले निरीक्षण अचूक आहे. चूक आहे ती वहीतल्या दोन रकान्यांची.

पंचवटीकरांच्या नियमापासून सुरुवात करतो, कारण तो अर्धाच बरोबर आहे. श्वास सोडून झाल्यावर नाक बंद करा आणि हवा न घेता पोट पुढे ढकलून पाहा. पोट व्यवस्थित पुढे येते, हवा मात्र थेंबभरही आत गेलेली नसते. म्हणजे पोटाची हालचाल हा श्वासपटलाचा पुरावा नव्हे. उलट बाजूही तशीच आहे. श्वासपटल खालच्या बरगड्यांना आतून जोडलेले असते. ते खाली सरकू लागले की पोटातले अवयव त्याला टेका देतात आणि त्या टेक्यावर ते खालच्या बरगड्यांना बाजूंना उघडते. त्यामुळे बसलेल्या माणसाची छाती खालच्या भागात रुंदावत असेल, तर ते श्वासपटलाचेच काम आहे. ‘छाती हलली’ असे मोघम न म्हणता छातीचा कोणता भाग कोणत्या दिशेला हलला, ते पाहावे लागते. खालच्या बरगड्या बाजूंना गेल्या तर उत्तम. छातीचे मधले हाड, गळ्याखालची हाडे आणि खांदे वर उचलले गेले तर श्वास मानेच्या स्नायूंवर चालला आहे, असे समजावे. तेव्हाही श्वासपटल ‘बंद’ पडत नाही, त्याचा वाटा कमी होतो इतकेच.

दुसरी गोष्ट शवासनाची. उताणे झोपल्यावर पाठीला जमिनीचा आधार असतो आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाचे पोट हलते. शिवाय आपण हात ठेवायला सांगता, त्याच क्षणी साधिकेला कळते की पोट हलले पाहिजे. ज्या श्वासाकडे आपण लक्ष वेधतो, तो नेहमीचा श्वास राहतच नाही.

म्हणून मी सांगतो तसे करून पाहाल का? एक, वर्ग सुरू होण्यापूर्वी त्या बाई बसून गप्पा मारत असताना, त्यांना न सांगता एक मिनिट श्वास मोजा आणि खांद्यांकडे पाहा. दोन, त्यांची परवानगी घेऊन पाठीमागून दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांच्या बाजूंवर ठेवा, अंगठे पाठीकडे. श्वासाबरोबर आपले हात एकमेकांपासून दूर जातात का, ते हातालाच कळेल. तीन, शवासनात त्यांच्या पोटाला बोटांनी हलकेच स्पर्श करा. श्वासाने वर आलेले पोट मऊ लागते, ढकललेले पोट कडक. शक्य असल्यास शिंप्याचा टेप छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापाशी गुंडाळून पूर्ण श्वास सोडल्यावर आणि पूर्ण घेतल्यावर माप घ्या. आकडा किती यापेक्षा त्याच बाईंचा झोपून आणि बसून येणारा फरक महत्त्वाचा.

चक्कर आणि मुंग्यांना प्राणवायूची कमतरता हे कारण नसावे. गरजेपेक्षा जास्त आणि घाईने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. हा तपास होईपर्यंत त्यांची आवर्तने थांबवा.

अंबडच्या साधकांना : कपालभातीत पोटाचे स्नायू झटका देऊन श्वास बाहेर टाकतात आणि आत येणारा श्वास आपोआप येतो. त्यावरून आपल्या दिवसभराच्या श्वासाची सवय कळत नाही. जिना चढताना लागणारी धाप हा वेगळा विषय आहे आणि तो डॉक्टरांकडे नेण्याचा आहे, धाग्यावर सोडवण्याचा नव्हे.

कॉलेजरोडची_मीनल

मी अय्यंगार पद्धतीने शिकले आहे. आमच्याकडे बैठकीतल्या प्राणायामात पोट फुगू देत नाहीत, छाती उमलली पाहिजे असा आग्रह असतो. त्यामुळे त्या साधिका बसून जे करतात ते कदाचित योग्यच असेल आणि सुखासनताई त्यांना उगाच चूक ठरवत असतील, अशी मला शंका येते. पोट फुगवण्याचा हट्ट सगळ्या परंपरांचा नाही.

निवृत्त_फिजिओ

मीनलताई, पोट फुगू न देणे आणि श्वास घेताना पोट आत ओढणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. पहिलीत पोट जागेवर राहते आणि खालच्या बरगड्या रुंदावतात. आपल्या शिक्षकांनी खांदे वर नेऊ दिले नसतील, याची मला खात्री आहे. प्राणायामात पोट मोकळे सोडावे की ताब्यात ठेवावे, यावर जुन्या जाणत्या शिक्षकांतही एकमत नाही आणि ते मी इथे करू शकणार नाही.

सुखासन (धागाकर्ती)

उशिरा उत्तर देत आहे, क्षमस्व. सरांनी सांगितलेले सगळे मी आठवडाभर केले आणि जे दिसले ते क्रमाने लिहिते.

वर्गापूर्वी त्या नकळत बसलेल्या असताना मिनिटाला १९ श्वास झाले आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची हाडे किंचित उचलली जात होती. शवासनात डोळे मिटून पाच मिनिटे गेल्यावर, काहीही न सांगता मोजले तेव्हा १४ झाले आणि पोट मऊ होते. म्हणजे झोपल्यावरचा त्यांचा श्वास ढकललेला नव्हता, खराच होता. टेपने झोपून ४ सेंटिमीटरचा फरक आला, पद्मासनात जेमतेम दीड. माझे तळहात बैठकीत जवळजवळ जागचे हललेच नाहीत.

मग मी त्यांच्या बैठकीकडे नीट पाहिले. त्यांचे गुडघे जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि बरगड्या पोटावर बसतात. दुसरे कारण मला त्यांनीच सांगितले आणि मी कपाळावर हात मारला. त्या घरून साडीत येतात, वर्गात साडी सोडून वर सैल कुर्ता घालतात, पण आतला परकर तोच असतो आणि त्याची नाडी पहाटे साडी घट्ट बसावी म्हणून आवळलेली असते. झोपल्यावर पोट पसरते म्हणून ती जाणवत नाही, बसल्यावर मात्र ती पट्ट्यासारखी काम करते. शिवाय तरुणपणापासून ‘पोट आत घे’ हे ऐकत आल्याने चारचौघांत बसले की त्या पोट आवळून धरतात, असेही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाडी सैल केली, दोन घोंगड्या घडी करून त्यांना उंच बसवले आणि पद्मासनाऐवजी साधी मांडी घालायला सांगितली. श्वासाबद्दल एक शब्दही बोलले नाही. टेपचा फरक ३ सेंटिमीटर झाला आणि खांदे बऱ्यापैकी खाली राहिले. दीर्घश्वसन सध्या तीनच आवर्तने देते. चक्कर आलेली नाही. मान अजून दुखते.

आता माझी अडचण वेगळी आहे. हाच तपास मी बाकीच्या २१ जणींवर केला, तेव्हा एकीच्या बाबतीत शवासनातच उलटे दिसले. उताणे झोपून श्वास घेताना त्यांचे पोट आत बसते आणि दम लागतो म्हणून उशीशिवाय झोपता येत नाही, असे त्या म्हणतात. त्यांना मी मकरासन देऊ का? पोटाखाली जमीन असली की श्वास आपोआप कंबरेत उतरतो, असा माझा अनुभव आहे.

निवृत्त_फिजिओ

नको. पहिल्या बाईंची सवय होती, ती आपण शोधून काढलीत. पण उताण्या स्थितीत स्वस्थ पडलेले असताना श्वासाबरोबर पोट आत जाणे आणि आडवे पडल्यावर दम लागणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर श्वासपटल अशक्त असण्याची किंवा हृदय-फुफ्फुसांच्या दुखण्याची शक्यता असते. त्यांना कोणतेही आसन देण्याआधी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि आपण जे पाहिले ते चार ओळींत लिहून त्यांच्या हातात द्या : कोणत्या स्थितीत, मिनिटाला किती श्वास, पोट कोणत्या दिशेला. ‘छातीने श्वास घेतात’ एवढेच लिहू नका, त्यावरून डॉक्टरांना काहीच कळणार नाही.

पंचवटीकर

नाक बंद करून पोट ढकलण्याचा प्रयोग मी आत्ता करून पाहिला. पोट खरोखरच पुढे येते. तरीही बसून पोट सैल सोडायला शिकवण्यात तोटा काय, हे मला अजून पटलेले नाही.

सुखासन (धागाकर्ती)

सैल सोडायला हरकत नाही, पंचवटीकर. आपण ढकलायला सांगितले होते. त्या दुसऱ्या साधिकेशी मी आज संध्याकाळी बोलते आणि चिठ्ठी लिहून देते.