हृदयाची आकृती: पुसट रेषा नेमकी कुठे टेकते?

> "झेरॉक्समध्ये हृदयाच्या वरच्या भागातल्या दोन रेषा मध्येच गायब झाल्यात. महाधमनी कुठली आणि फुप्फुस धमनी कुठली?"

नावाकडच्या टोकाला रेषा सहसा शाबूत असते. तिथे पट्टी लावून ती त्याच दिशेने पेन्सिलने पुढे न्या. अशा रेषा बहुधा सरळच असतात. पण इथे दोन्ही वाहिन्या एकमेकींवरून जातात, त्यामुळे नुसत्या पट्टीवर भिस्त ठेवू नका.

उभ्या छेदाची आकृती असेल तर आधी खाली, जवनिकांच्या भिंती पाहा. जाड भिंतीची ती डावी, म्हणजे कागदावर तुमच्या उजव्या हाताला. तिच्यातून निघून वर कमानीसारखी वळते आणि कमानीवरून तीन फांद्या सोडते ती महाधमनी. पातळ भिंतीच्या जवनिकेतून निघून दोन्ही फुप्फुसांकडे दुभंगते ती फुप्फुस धमनी. रंगीत प्रतीत ती निळी दिसेल, म्हणून शीर समजू नका. अशुद्ध रक्त नेते एवढंच. (या निळ्या रंगाने भलेभले फसतात!)

बाहेरून दिसणाऱ्या हृदयाची आकृती असेल तर भिंती दिसणारच नाहीत, मग फांद्यांवरूनच ठरवा.