अनुभव धागा: गाडी बघून आल्यावर भाव कमी करायला मालकाला काय लिहिलात?

टिळकवाडी: रविवारी २०१६ ची पेट्रोल गाडी बघून आलो. मालक ३,४०,००० म्हणतात. मिस्त्रीनं अठरा खोटी काढल्यात. सगळ्या मेसेजमध्ये लिहिलो तर तक्रार अर्ज वाटायलाय. तुमचे अनुभव सांगा.

शहापूर, गॅरेज: अठरा नको. ओरखडे, मळलेल्या सीटा जुन्या गाडीला असणारच, ते मालकानं भावात धरलेलं असतंय. तुमच्या खिशातनं लगेच पैसे जाणार तेवढंच लिहा. आणि कसं कळलं तेही लिहा. "क्लच गेलाय" म्हटलं की माणूस चिडतो. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला पाहिजे. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. हे त्यांच्यासमोर केलात काय?

टिळकवाडी: केलो की, बंद पडलं नाही.

चिकोडी: टायरवरचे चार आकडे बघा. १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. पाच वर्षं झाली की पासिंगच होत नाही, तसंच ठणकावून लिहा.

शहापूर, गॅरेज: आकडे बरोबर, पासिंगचं नाही. तिथं टायर किती झिजलाय ते बघतात, साल नव्हे. बाजूला बारीक तडे असतील तर त्यांचा फोटो पाठवा.

खानापूर: मी विकणारी होते. एकानं लिहिलं, "गाडीत काही राम नाही, दोन लाखाला देता काय?" राम नाही तर घेतोस कशाला रे बाबा! उत्तरच दिलं नाही.

निपाणी: माझी एमएच ०९ होती, कोल्हापूरची. इकडं नाव करताना रोड टॅक्स भरावा लागला. तो खर्च भावातून वजा मागितलो, तर मालक म्हणाले हा गाडीचा दोष नव्हे. अजून वाटतंय माझंच बरोबर होतं.

टिळकवाडी: शेवटी हे पाठवलो:

"नमस्कार अण्णा. गाडी आवडली, इंजिन चांगलं आहे. तुमच्यासमोर बघितलेलं तीनच लिहितो. क्लच घसरतो, ८,५०० रुपये. पुढच्या लोअर आर्मचे बुश गेलेत, खड्ड्यात टकटक येते, ३,५००. चारही टायर २०१७ चे, तडे गेलेत, १६,०००. गॅरेजचा अंदाज लिहून आणलाय, फोटो सोबत आहे. २८,००० होतात, म्हणून ३,१२,००० ला द्या. आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय. त्याचे पैसे कापत नाही, पण तो उतरल्यावरच पूर्ण रक्कम देईन."

शहापूर, गॅरेज: टायरचे पूर्ण मागितलात? नवे टायर तुम्हीच झिजवणार. अर्धे सोडावे लागतील बघा.

खानापूर: बोजाचं वेगळं लिहिलंत ते बरं. मला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळेपर्यंत थांबावं लागलं होतं. त्यात घेणाऱ्यानं रोज फोन करून जीव खाल्ला.

टिळकवाडी: उत्तर आलं. क्लच, बुश मान्य, टायरचे निम्मे. म्हणजे ३,२०,०००. पण आता १०,००० टोकन मागतायत, बोजा उतरायच्या आधी. द्यावं काय?

निपाणी: लिहून घेऊन द्या.

शहापूर, गॅरेज: मी दिलो नसतो.