मदत हवी आहे: सार्कॉइडोसिस, स्टिरॉइड आत्ताच की थांबायचं?

भाऊ, वय ३८, तीन महिने कोरडा खोकला आणि थकवा, एक्स-रेत छातीतल्या दोन्ही बाजूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या, सीटीत फुफ्फुसात बारीक ठिपके पण आहेत. ईबस करून गाठीतून सुईने तुकडे घेतले, रिपोर्टमध्ये नेक्रोसिस नसलेले ग्रॅन्युलोमा आलेत. टीबीची जीन एक्सपर्ट निगेटिव्ह, कल्चरची पूर्ण वाट बघितली, तेही निगेटिव्ह, फंगस नाही, लिम्फोमाच्या पेशी नाहीत. रक्तातलं एसीई वाढलंय पण डॉक्टर म्हणाले त्यावरून काहीच पक्कं होत नाही, म्हणून तो आकडा मी धरत नाहीये.

बाकी अवयव तपासून झालेत. डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी नॉर्मल, ईसीजी नॉर्मल, छातीत धडधड किंवा चक्कर नाही, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन ठीक. (व्हिटॅमिन डीच्या गोळ्या चालू होत्या, कॅल्शियम वाढू शकतं म्हणून बंद केल्या.) फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी म्हणजे पीएफटी केली, त्यात एफव्हीसी ८६ टक्के, डीएलसीओ ७४ टक्के. जिना चढताना दम लागत नाही.

आता एक डॉक्टर म्हणतात प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम लगेच सुरू करा, दुसरे म्हणतात बऱ्याच जणांचं आपोआप बसतं, तीन महिन्यांनी पीएफटी परत करून बघू. त्याच्या वडिलांना म्हणजे आमच्या बाबांना डायबेटिस आहे आणि याचीही शुगर बॉर्डरवर, त्यामुळे स्टिरॉइडची धास्ती वाटते.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा, थांबायचं ठरवलं तर एफव्हीसी किंवा डीएलसीओ नेमकं किती घसरलं की तुमच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं, आणि नुसता खोकला असेल तर आधी इनहेलर देऊन बघतात का?