फाउंडेशन सोडायचंय, पण गालावर वांग आहेत. बीबी, सीसी की टिंटेड मॉइश्चरायझर?

मीरा_ठाणे: सकाळची लोकल, गर्दी, घाम. दादर येईपर्यंत फाउंडेशन नाकाच्या कडेला साचलेलं असतं. बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर नाण्याएवढे वांग आलेत, त्यामुळे काहीच न लावता जायचा धीर होत नाही. दुकानातल्या मुलीने तिन्ही ट्यूब पुढे ठेवल्या आणि म्हणाली, "सगळं एकच असतं, मॅडम." रोज ऑफिसला काय चालेल? आणि पुढच्या महिन्यात नणंदेचा साखरपुडा आहे, तिथेही तेच चालेल का?

गोड_गुळपोळी: बीबी घे डोळे मिटून. त्यात एसपीएफ ३० असतं, म्हणजे सनस्क्रीनचाही खर्च वाचतो.

रंगपेटी: गुळपोळीताई, बीबी ठीक, पण सनस्क्रीन सोडू नका. तो आकडा मिळायला चेहऱ्याला साधारण दोन बोटं भरून क्रीम लागतं. बीबी आपण वाटाण्याएवढं लावतो.

मी वधूचा मेकअप करते. मीरा, नावावर जाऊ नकोस, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने नाव देते. हाताच्या पाठीवरच्या तिळावर थेंब लावून बघ. टिंटेडमधून तीळ स्वच्छ दिसतो, बऱ्याचशा बीबींमधून फिकट दिसतो. तुझे वांग टिंटेडने झाकणार नाहीत. सीसी म्हणजे रंग सुधारणारं, पण हिरवट सीसी लालसरपणासाठी असतं. तपकिरी डागावर ते राखाडी दिसतं, चेहरा आजारी वाटतो.

आधी सनस्क्रीन, मग दहा मिनिटं चहा. फक्त वांगांवर पीच किंवा नारिंगी करेक्टर, अगदी टिपक्याएवढा. वरून बीबी बोटाने थोपट. घासलंस की खालचा रंग निघून येतो.

साखरपुड्याला मात्र गालांपुरतं तरी फाउंडेशन हवंच. आदल्या दिवशी फ्लॅशने फोटो काढून बघ, एसपीएफवाली काही क्रीमं फोटोत पांढरी पडतात.

कोकणची_सून: मला टिंटेडच पुरतं. पण माझी त्वचा कोरडी, वांग नाहीत. पायाच्या भेगांना काय लावू, कोणी सांगेल का?

रंगपेटी: त्याला वेगळा धागा काढा हो.

मीरा_ठाणे: आठवडाभर केलं. नाकाची कड सुटली! पण दुपारी बाराला बीबी एक छटा काळवंडते. सकाळी मात्र अगदी जुळते.

रंगपेटी: तेल आणि घाम मिसळला की काही बीबींचा रंग गडद होतो. दुकानात जबड्यावर लावून तासाभराने उजेडात बघायचं असतं. एक छटा फिकट घेऊन बघ.

गोड_गुळपोळी: माझ्या बहिणीलाही वांग आहेत, ती सीसीच वापरते आणि छान दिसतं.

रंगपेटी: तिच्या ट्यूबमधलं क्रीम कोणत्या रंगाचं आहे? पीच असेल तर पटतं.

गोड_गुळपोळी: विचारून सांगते.